संघापुढे आलेख मांडताना

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या संघाचा आलेख मी नीट पाहिला. शनिवारी तो मुलींना समजावून सांगशील तेव्हा आरंभीच स्पष्ट कर, की येथे रेषा खाली उतरणे म्हणजे प्रगती, कारण उभ्या अक्षावर 100 मीटरला लागलेले सेकंद आहेत. गुणपत्रिकेच्या सवयीने मुली उतरती रेषा पाहून हिरमुसतात. तो अक्ष शून्यापासून नव्हे, तर 13 सेकंदांपासून सुरू होतो, हेही सांग, म्हणजे एका दशांशाचा फरक एवढा मोठा का दिसतो ते त्यांना कळेल.

ऑगस्टमधील सपाट भागावर फार बोलू नकोस. ओल्या मातीच्या मैदानावर वेळा सुधारत नाहीत, एवढे पुरे.

खरा वेळ दे तो नोव्हेंबरच्या बिंदूला. तुझ्या सर्वांत वेगवान मुलीची रेषा जूनमधील 14.1 पासून ऑक्टोबरमधील 13.4 पर्यंत उतरली आणि जिल्हा स्पर्धेत एकदम 13.58 वर चढली. ऐन स्पर्धेत ती मंदावली असे सगळ्यांना वाटेल, तिला स्वतःलाही. परंतु सरावातील वेळा तू हातातील स्टॉपवॉचने घेतल्या आहेत आणि स्पर्धेतील वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्राने घेतली गेली आहे. यंत्र पिस्तुलाच्या बारासरशी सुरू होते. आपण मात्र इशारा मिळाल्यावर बटण दाबतो, त्यात एक क्षण निसटतो, आणि अंतिम रेषेवर धावपटू येताना दिसत असल्यामुळे तेथे तेवढा उशीर होत नाही. म्हणूनच हाताने घेतलेली वेळ कमी भरते. 100 मीटरच्या वेळांची तुलना करताना तिच्यात 0.24 सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने 13.4 चे 13.64 होतात आणि 13.58 ही तिची हंगामातील सर्वोत्तम वेळ ठरते. ही बेरीज फळ्यावर तिच्याकडूनच करून घे.

मात्र त्या 0.06 सेकंदाच्या सुधारणेची ग्वाही देऊ नकोस. 0.24 ही ढोबळ दुरुस्ती आहे, शिवाय हाताची वेळ आपण दशांशापर्यंतच नोंदवतो. त्यात वाऱ्याची भर असते: पाठीमागून सेकंदाला 2 मीटर वेगाने वारा असेल, तर साधारण एक दशांश सेकंद वाचतो, आणि त्याहून अधिक वारा असल्यास विक्रम ग्राह्य धरत नाहीत. ती मंदावली असे हा आलेख दाखवत नाही, एवढेच तू खात्रीने म्हणू शकतेस. माझ्या मते तिला तेवढे ऐकणेच आवश्यक आहे.

शनिवारपूर्वी आलेख पुन्हा काढ. हाताच्या वेळांना पोकळ वर्तुळ आणि यंत्राच्या वेळेला भरीव वर्तुळ दे, आणि ऑक्टोबर व नोव्हेंबरचे बिंदू रेषेने जोडू नकोस. पुढील हंगामापासून प्रत्येक वेळेशेजारी वारा पाठीवर होता की समोरून, हेही वहीत लिहीत जा.

तुझे,
बाबा