तक्रार: 5 फेब्रुवारीचा माल तुमच्या सॉफ्टवेअरने 2 मेचा धरला, त्यामुळे एमएसएमई पेमेंटची मुदत चुकली

प्रति,
कस्टमर सपोर्ट प्रमुख

विषय: रात्रीच्या पेमेंट-ड्यू जॉबमध्ये तारीख उलटी वाचली जाणे, त्याचं नुकसान आणि दुरुस्ती

दिनांक: 21 एप्रिल 2025

साहेब नमस्कार,

आमचं कुपवाड एमआयडीसीत हळद दळायचं आणि मसाला पॅकिंगचं युनिट आहे, तुमचं पर्चेस आणि पेमेंटचं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. फोनवर तिकीट घेतलं, तिकीट बंद पण झालं, "रिझॉल्व्ड" म्हणून मेसेज आला आणि प्रॉब्लेम होता तिथेच आहे, म्हणून आता सविस्तर लिहितोय. हे पत्र सपोर्टच्या पोरांकडे न पाठवता ज्याने तो जॉब लिहिलाय त्याच्याकडे द्या ही विनंती.

आधी जॉब काय करतो ते सांगतो, कारण तुमच्या सपोर्टवाल्यालाच ते नीट माहीत नव्हतं. आमच्या गेटवर माल आला की एन्ट्री होते, त्या महिन्याच्या आतापर्यंतच्या एन्ट्रीची सीएसव्ही फाईल रोज संध्याकाळी तुमच्या सर्वरवर जाते, रात्री 2 वाजता तुमचा जॉब ती फाईल वाचतो, माल पोचल्याच्या तारखेत 45 दिवस मिळवतो आणि सकाळी आमच्या अकाउंटंटला यादी देतो की आज कुणाचं पेमेंट सोडायचं आणि कुणाचं थांबवलं तरी चालेल. हे 45 दिवस आम्ही हौसेने ठेवलेले नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या मायक्रो आणि स्मॉल उत्पादकाचं बिल, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावंच लागतं. आमचा पाऊच सप्लायर मिरजेचा, छोटं युनिट आहे, उद्यम आहे, आमच्याशी करार आहे, म्हणजे 45 दिवस.

आता फाईलमधल्या दोन ओळींचं तुमच्याच जॉबच्या लॉगमध्ये काय झालं ते बघा, जसंच्या तसं देतोय:

```
GRN-1187  in=05/02/2025  read=2025-05-02  due=2025-06-16  HOLD
GRN-1203  in=14/02/2025  read=2025-02-14  due=2025-03-31  PAY
```

दोन्ही एकाच सप्लायरचे, गेटवर एकाच माणसाने टाकलेले, तारीख लिहायची पद्धत पण एकच. पहिला माल 5 फेब्रुवारीला आला, त्याची मुदत 22 मार्चला संपत होती. जॉबने ती तारीख 2 मे अशी वाचली आणि 16 जूनपर्यंत निवांत राहा म्हणून सांगितलं. दुसरा माल 14 फेब्रुवारीचा, त्यात 14 हा महिना होऊच शकत नाही म्हणून जॉबने गुपचूप पद्धत बदलून ती बरोबर वाचली आणि 31 मार्चला वेळेत पेमेंट गेलं. नंतर आलेल्या मालाचे पैसे आधी मिळाले आणि आधीच्या मालाचे लटकले, तेव्हा पाऊचवाल्यांचा फोन आला, "दादा, मागचं सोडून पुढचं बिल कसं काय क्लिअर केलं तुम्ही?" त्यांना काय सांगणार, कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून?

फेब्रुवारीच्या फाईलमध्ये मे महिन्यात माल पोचला असं दिसतंय आणि तुमच्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगं वाटत नाही. गेटमधून आत आलेल्या मालाची तारीख पुढची असू शकत नाही एवढी एक अट जरी जॉबमध्ये असती तरी 6 फेब्रुवारीच्या सकाळीच हे उघडं पडलं असतं.

बरं हे फक्त मुदत पुढे ढकलण्यापुरतं नाही, उलट्या दिशेने पण होतं. 1 मार्चला आलेला बॉक्सचा माल, फाईलमध्ये 01/03/2025, तो जॉबने 3 जानेवारी धरला, मुदत 17 फेब्रुवारीलाच संपली असं दाखवून दुसऱ्याच दिवशी लाल रंगात यादीत सगळ्यात वर आणला, अकाउंटंट घाबरला आणि पेमेंट सोडून मोकळा झाला. खरी मुदत 15 एप्रिल होती. मार्चमध्ये सांगलीत हळदीचे सौदे जोरात असतात, मार्केट यार्डात रोज पैसा लागतो, अशा वेळी दीड महिना नंतर द्यायचे पैसे आधीच निघून गेले की काय होतं हे व्यापाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तुमचा सपोर्टवाला म्हणाला की "सर रँडम इश्यू आहे, कधी कधी येतो". रँडम अजिबात नाही हो. प्रत्येक महिन्याच्या 1 ते 12 तारखेच्या एन्ट्री चुकतात, 13 पासून पुढच्या सगळ्या बरोबर, आणि त्या बारांतला एक दिवस वाचतो तो म्हणजे 02/02, 03/03 असा, जिथे उलटं केलं तरी तेच. वर्षाचा हिशोब केला तर 132 दिवस असे आहेत ज्यांची तारीख उलटी वाचली तरी खरी वाटेल अशीच निघते, म्हणून एरर येत नाही. तुमच्या माणसाने टेस्टिंगला आमच्या 20 तारखेनंतरच्या एन्ट्री घेतल्या आणि सगळं ओके आहे म्हणाला. त्या एन्ट्रीत हा दोष सापडणारच नव्हता.

सुरुवात कुठून झाली ते पण फोनवर तुमच्याच इंजिनियरकडून कळलं. आधी हा जॉब आमच्या ऑफिसच्या मशीनवर चालायचा, तिथे विंडोजची रीजन सेटिंग इंडिया होती. जानेवारीत तुम्ही सगळं क्लाउडवर नेलं, त्या सर्वरची सेटिंग युनायटेड स्टेट्स. प्रोग्राममधला शब्द बदलला नाही पण तारीख वाचणारं फंक्शन मशीनच्या सेटिंगवर अवलंबून, त्यामुळे तोच प्रोग्राम महिना आधी धरायला लागला. इथपर्यंत मी समजू शकतो, पण खरा घोळ पुढे आहे. महिना-आधी पद्धतीने वाचता आली नाही तर दिवस-आधी पद्धतीने वाच, असं कुणीतरी त्यात घालून ठेवलंय, प्रत्येक ओळीला वेगळं. ते नसतं तर 12 च्या पुढची पहिली तारीख आली तेव्हाच जॉब आपटला असता, सगळे ओरडले असते आणि एका दिवसात दुरुस्त झालं असतं. एकाच फाईलमध्ये एक ओळ अमेरिकेची आणि खालची ओळ भारताची असं कुठे असतं का? ज्या फाईलमध्ये एका जागी जरी पहिला आकडा 12 च्या वर गेला, ती पूर्ण फाईल दिवस-आधीची आहे हे सरळ आहे. आणि महिन्याच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये तसा आकडा नसेल तर अंदाज करायचाच नाही, ग्राहकाला एकदा विचारून सेटिंग कायमची ठेवायची.

यावर तुमच्याकडून आलेला उपाय काय, तर "सर तुम्ही फाईलमध्ये महिना आधी टाका". म्हणजे गेटवरच्या वॉचमनने चलनावर 5/2 वाचायचं आणि टाईप करताना 2/5 करायचं, रोज, चाळीस गाड्यांच्या गडबडीत. नको. आणि दुसरा सल्ला होता की फाईल एक्सेलमध्ये उघडून चेक करा. तुमच्या माणसाने स्क्रीन शेअर करून स्वतःच्या मशीनवर उघडली तर तिथेही अमेरिकन सेटिंग, 05/02 ची झाली मे महिन्याची खरी तारीख आणि सेलमध्ये उजवीकडे सरकली, 14/02 मात्र साधा मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसली. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे काही डावीकडे दिसल्या की समजायचं गडबड आहे, पण हे मी त्याला दाखवलं. वर तो ती फाईल सेव्ह करायला निघाला होता, थांबवला म्हणून बरं.

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो, त्याने तुमच्या लोकांसाठी एक ओळ लिहून दिलीय, तुमचा जॉब डॉट नेटमध्ये आहे असं तुमच्याच इंजिनियरने सांगितलं म्हणून त्यातलीच:

```
DateTime.ParseExact(s, "dd/MM/yyyy", CultureInfo.InvariantCulture)
```

मशीनची सेटिंग काही असो, ही एकच पद्धत चालणार, जुळलं नाही तर एरर. त्याने मुद्दाम सांगितलंय की MM मोठंच ठेवा, छोटं mm म्हणजे मिनिटं होतात. त्याहून चांगलं म्हणजे आमच्या गेटच्या प्रोग्राममधूनच 2025-02-05 अशी वर्ष-आधीची तारीख काढायची सोय द्या, मग वादच नको.

आता नुकसानीचं. GRN-1187 चं बिल जीएसटी सोडून 3,84,000 रुपयांचं, पेमेंट गेलं 9 एप्रिलला. सीएने इयर एंडिंगच्या वेळी धरलं. आयकर कायद्याच्या 43बी(एच) प्रमाणे मुदतीत दिलं नाही आणि 31 मार्च ओलांडला तर तो खर्च 2024-25 ला धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी मिळतो, आणि 43बी मधल्या बाकीच्या खर्चासारखं रिटर्न भरायच्या आधी दिलं तर चालतं ही सवलत यात नाही. आमची फर्म भागीदारीची, 30 टक्के टॅक्स आणि वर सेस धरून साधारण 1,20,000 रुपये या वर्षी जादा भरायचे. पुढच्या वर्षी तेवढा खर्च वजा मिळेल हे मला माहीत आहे, पण तोपर्यंत ते पैसे आमच्या हातात नाहीत. शिवाय उशिराचं व्याज पाऊचवाल्यांनी मागितलं तर ते बँक रेटच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ, आणि त्या व्याजाचा खर्च पण आयकरात मिळत नाही.

जुना डेटा दुरुस्त करताना एक काळजी घ्या, सरसकट दिवस-महिना अदलाबदल करायची क्वेरी मारू नका. सर्वर हलवायच्या आधीच्या एन्ट्री बरोबर आहेत, आणि स्क्रीनवर हाताने टाकलेल्या पण बरोबर आहेत, त्या उलट्या होऊन बसतील. जानेवारीपासूनच्या आमच्या मूळ फाईली तुमच्याकडे आहेत, त्याच परत वाचून घ्या, जुनी आणि नवी मुदत शेजारी शेजारी दाखवणारा रिपोर्ट द्या, म्हणजे अजून कुणाचं पेमेंट 16 जून, 17 ऑगस्ट असं लांब जाऊन बसलंय ते आम्हाला आजच कळेल. मार्चचे पहिले बारा दिवस आणि एप्रिलचे पहिले बारा दिवस आधी करा, त्यातल्या काही मुदती याच आठवड्यात येतात.

बिघाड केव्हापासून होता आणि कशामुळे झाला हे लेटरहेडवर लेखी पाहिजे, सीए आणि पाऊचवाल्यांना दाखवायला. या वर्षाची एएमसी दुरुस्ती होईपर्यंत आम्ही थांबवली आहे. 30 एप्रिलपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं की वकिलामार्फत नोटीस द्यायची ते मी ठरवीन. तोपर्यंत रात्रीचा जॉब आमच्यासाठी बंद ठेवा, यादी अकाउंटंट वहीतून काढतोय.

आपला ग्राहक,
मसाला पॅकिंग युनिट, कुपवाड एमआयडीसी, सांगली

सोबत: जॉबच्या लॉगची प्रत, दोन्ही चलनांचे फोटो, 5 आणि 14 फेब्रुवारीच्या मूळ फाईली