भाडेकरू निवडण्याआधी कागद लिहून ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. घर पुढच्या महिन्यात रिकामं होतंय, जाहिरात द्यायच्या आधीच ओळखीतून दोघांनी विचारणा केली आहे आणि "समोर बसून दहा मिनिटं बोललं की माणूस कळतो" असं तू लिहिलं आहेस. या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र लिहितोय. दहा मिनिटांत माणूस बोलका आहे की अबोल, एवढं कळतं. भाडं वेळेवर येईल का, ते कळत नाही. शिवाय ज्याचं बोलणं-वागणं आपल्यासारखं, त्याच्याकडे आपण नकळत झुकतो. त्याला एक प्रश्न कमी विचारतो आणि दुसऱ्याला दोन जास्त. घर शोधत फिरणाऱ्या माणसावर यात खरोखर अन्याय होतो, आणि आपलंही नुकसान होतं.

म्हणून पहिला अर्ज हातात येण्याआधी एक कागद लिहून काढ. आधीच का, तर अर्जदाराचा चेहरा एकदा डोळ्यांसमोर आला की अटी त्याच्या मापाने शिवल्या जातात. कागदावर तीनच विषय पुरेत: उत्पन्न, संदर्भ आणि आधीच्या भाडेकरारांचा इतिहास. पण प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने हवेत. अट काय, पुरावा कोणता आणि अट पूर्ण होत नसेल तर दुसरा मार्ग कोणता. हा तिसरा रकाना बहुतेक लोक रिकामा ठेवतात. मग ऐन वेळी, आवडलेल्या माणसासाठी तो तोंडी भरला जातो.

उत्पन्नाचं बघ. बरेच घरमालक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावं असं धरतात. आकडा तू ठरव, पण तो कापण्यांआधीच्या पगारावर मोजायचा की हातात येणाऱ्या पगारावर, हे शब्दांत लिही, कारण त्या दोन्हींत बराच फरक पडतो. दोघं मिळून राहणार असतील तर दोघांचं उत्पन्न एकत्र धरायचं की नाही, तेही लिही. पुराव्याला शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि वर्षभराचं बँक स्टेटमेंट माग. पत्रकावरची निव्वळ रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. नाही जुळली तर लगेच संशय घेऊ नकोस, विचार. पगाराचा काही भाग दुसऱ्या खात्यात जात असेल तर त्या खात्याचं स्टेटमेंट दाखवता येतं. आणि खर्चाच्या बाकीच्या नोंदी काळ्या करून दिल्या तरी चालतील, हे अर्जावरच छाप. कोण कुठे काय खरेदी करतं, याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

ज्यांना ठरावीक पगार नाही, त्यांच्यासाठी वेगळी ओळ लागते. मी मागच्या दोन वर्षांची कर विवरणपत्रं मागतो आणि दोन वर्षांची सरासरी काढतो. पण उत्पन्न घटत असेल तर सरासरी न धरता अलीकडचं वर्ष धरतो. खात्यात आलेली प्रत्येक रक्कम ही कमाई नसते, हेही लक्षात ठेव. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवलेले पैसे बाजूला काढूनच बेरीज करायची.

आता संदर्भ. इथे खरी मेख आहे. अर्जात "सध्याचे घरमालक" म्हणून जो नंबर दिलेला असतो, त्यावर फोन केला की जवळजवळ नेहमी कौतुकच ऐकू येतं. भाडेकरू खरोखर चांगला असेल म्हणूनही असेल. पण त्रासदायक भाडेकरू लवकर जावा म्हणूनही घरमालक तोंड भरून बोलतो. त्या दोन कौतुकांत फोनवर काहीच फरक जाणवत नाही. त्याच्या आधीचा घरमालक मात्र मोकळेपणाने बोलतो, कारण त्याला आता काही मिळवायचं नाही आणि गमवायचंही नाही. म्हणून माझ्या कागदावर लिहिलेलं आहे की सध्याचा आणि त्याआधीचा, अशा दोन्ही घरमालकांशी बोलायचं. सध्याच्या मालकाला फोन अगदी शेवटी आणि अर्जदाराच्या लेखी परवानगीनेच करायचा, कारण घर सोडायचा विचार त्याने अजून मालकाला सांगितलेला नसेल.

फोनवर माहिती आपण पुरवायची नाही. "ते तीन वर्षं राहिले ना?" असं विचारलं की "हो" एवढंच उत्तर येतं. "कधीपासून कधीपर्यंत राहिले? भाडं किती होतं? कोणत्या तारखेला द्यायचं होतं आणि कधी यायचं?" असं विचार. खोटा मालक म्हणून एखादा मित्र फोनवर असेल तर तो इथेच अडखळतो. खरा मालकसुद्धा तारखा बघायला दोन मिनिटं मागतो, तेवढं चालायचंच. घर त्याच्याच नावावर आहे का, हे जिथे मालमत्तेच्या नोंदी खुल्या असतात तिथे बघून घे. नोकरीची खात्री करायची तर कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन कर, अर्जात लिहिलेल्या नंबरवर नको. प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने विचार आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून ठेव. शेवटचा प्रश्न ठरलेला: "यांना पुन्हा घर द्याल का?"

मागच्या खेपेला माझ्याकडे तीन अर्ज आले होते. समजायला सोपं जावं म्हणून भाडं १०० धरतो. पहिल्या अर्जदाराचं मासिक उत्पन्न ३४०, चांगली नोकरी, बोलणं गोड. सध्याच्या मालकाने "माणूस सोन्यासारखा आहे" म्हणून सांगितलं. घरातले सगळे म्हणाले, आता आणखी काय बघायचं? पण कागदावर आधीच्या मालकाचीही ओळ होती. त्यांना फोन केला. सगळी उत्तरं नीट दिली आणि "पुन्हा द्याल का?" म्हटल्यावर गप्प झाले. मग म्हणाले, "पैसे बुडवले नाहीत, पण दर महिन्याला फोन करावा लागायचा."

आता हे एका माणसाचं मत झालं. त्यावर कोणाला नकार द्यायचा का? नाही. उत्तर आधीच माझ्या टेबलावर होतं. जे बँक स्टेटमेंट आपण पगार बघायला मागतो, त्यातच भाडं कोणत्या तारखेला गेलं तेही असतं. तेच पान दुसऱ्यांदा वाचलं. त्यांच्या सध्याच्या करारात भाडं ५ तारखेला द्यायचं होतं आणि पगार ३० तारखेला जमा होत होता. भाडं गेलं होतं १८, १६, २१, १४ अशा तारखांना. वर्षात दोनच महिने वेळेवर. पगार उशिरा होतो म्हणावं तर तसंही नव्हतं. माझ्या कागदावर लिहिलं होतं की बारा महिन्यांत सात दिवसांपेक्षा जास्त उशीर दोनदाच चालेल. हे नियमात बसत नव्हतं. त्यांना मी कारणासकट कळवलं आणि स्टेटमेंटमधल्या तारखा वाचताना माझी चूक झाली असेल तर दाखवा, असंही लिहिलं. त्यांनी काही दाखवलं नाही.

दुसरी अर्जदार स्वतंत्रपणे छायाचित्रणाची कामं घेणारी. आधीच्या वर्षी महिन्याला सरासरी ४००, नंतरच्या वर्षी २५०. दोन वर्षांची सरासरी ३२५, म्हणजे तिप्पट भरत होती. पण घटत्या उत्पन्नाला अलीकडचं वर्ष धरायचं असं लिहिलेलं असल्याने २५० धरावे लागले आणि अट हुकली. इथे तिसरा रकाना कामाला आला. त्यात लिहिलं होतं: उत्पन्न दुपटीपेक्षा कमी नसेल आणि गेल्या बारा महिन्यांत एकही उशीर नसेल, तर तिप्पट उत्पन्नाची अट पूर्ण करणारा जामीनदार चालेल. तिचं भाडं दर महिन्याला १ ते ३ तारखेच्या दरम्यान गेलेलं होतं. आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या परत येत असेल तर पाठवा." तिने जामीनदार म्हणून बहिणीला उभं केलं आणि बहिणीचीही कागदपत्रं मी त्याच ओळींवर तपासली.

तिसरा मुलगा पहिल्यांदाच भाड्याने राहणार होता, म्हणून आधीचा मालक कुठून असणार? अशा माणसाला इतिहास नाही म्हणून बाद करणं मला पटत नाही. त्याच्यासाठीही ओळ होती: नोकरीच्या ठिकाणचा संदर्भ आणि जामीनदार. तोही पात्र ठरला. मग दोघांतून कोण? अर्ज सगळ्या कागदपत्रांसह आधी कोणी पूर्ण केला, ते बघितलं. प्रत्येक अर्जावर मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली होती. तिचा आदल्या संध्याकाळचा होता, त्यामुळे घर तिला गेलं. पात्र ठरलेल्यांतून जास्त आवडलेला निवडायचा, असा मार्ग मी मुद्दाम ठेवलेला नाही. तो ठेवला की वरची सगळी मेहनत वाया जाते.

कागदावर जे नाही ते गप्पांतही विचारू नकोस. जात, धर्म, लग्न झालं आहे का, मुलं किती, यांचा भाडं भरण्याशी संबंध नाही. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म अशा कारणांवरून घर नाकारण्याला मनाई आहे आणि १९८८ मध्ये अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं हीही कारणं त्यात घातली गेली. तुझ्या इथला कायदा काय म्हणतो ते बघून घे, पण कायदा काही म्हणत नसला तरी हे प्रश्न नकोतच. सहज म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकदा कानावर पडलं की ते डोक्यातून पुसता येत नाही.

अर्ज येत असताना मधेच एखादी अट चुकीची वाटली तर? असं होतं. तेव्हा ती बदल, पण मग आलेले सगळे अर्ज पहिल्यापासून नव्या अटीवर तपास, नाकारलेलेसुद्धा. तेवढी तयारी नसेल तर बदल पुढच्या खेपेसाठी राखून ठेव. निवड झाली की बाकीच्यांची पगारपत्रकं आणि स्टेटमेंटं नष्ट कर. भरलेला तपासणीचा कागद तेवढा जपून ठेव, कोणी कारण विचारलं तर दाखवता आला पाहिजे.

एवढं करूनही नोकरी जायची असेल तर ती जाणारच, आणि आजवर नियमित असलेला माणूसही अडचणीत येऊ शकतो. त्यावर या कागदाचा काही इलाज नाही. त्यासाठी करारात उशिराबद्दल काय लिहायचं, ते वेगळं बोलू.

ओळखीतल्या त्या दोघांना आज एवढंच सांग की अटींचा कागद तयार होतोय, तो हातात पडला की रीतसर अर्ज करा. तुझा मसुदा जाहिरात देण्याआधी मला पाठव. उशिराच्या ओळीत किती दिवस धरतोस आणि जामीनदाराच्या रकान्यात काय लिहितोस, ते मला आधी बघायचं आहे.

तुझा,
जुना मित्र