अभ्यासिकेच्या किल्लीबद्दल, आभार

अगं,

तुला समोर बसवून हे बोलले असते तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहून टाकते.

नोकरी गेली त्या आठवड्यात घरी येणारे सगळे फळं घेऊन आले. सफरचंद, डाळिंब, मोसंबी. जणू माझं ऑपरेशन झालं होतं! एका काकांनी निघताना पाकीट हातात कोंबलं, आत ५०१ रुपये. मन मोठं होतं त्यांचं, पण त्या वरच्या एक रुपयाने मला रडू आलं.

तू आलीस ती किल्ली घेऊन. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतल्या लॉकरची. "महिन्याची फी भरून झालीय, परत मिळत नाही, आता तू नाही गेलीस तर वाया," एवढंच म्हणालीस. नाही म्हणायला जागाच ठेवली नाहीस. किती भरलेस ते आजही मला माहीत नाही. आणि भरलास तो एकच महिना. सहा महिन्यांची भरली असतीस तर त्याचा अर्थ मी काय काढला असता, हे तुला बरोबर कळलं होतं.

खिडकीजवळची जागा, शेजारी एमपीएससीची मुलं, टेबलावर प्लग. ऑफिसचा लॅपटॉप शेवटच्या दिवशी जमा झाला होता, म्हणून तुझा जुना दिलास, तोही "माझ्याकडे नुसता पडून आहे, मला लागला की मागेन" म्हणत. सकाळी दहाला डबा घेऊन घराबाहेर पडायचं कारण मिळालं. सोसायटीतल्या कुणाला काही सांगावं लागलं नाही. तिथे बसून मी पहिल्या आठवड्यात फक्त बायोडेटा दुरुस्त केला. बाकी वेळ खिडकीबाहेर बघत होते, खरं सांगते.

मग तू भाच्याला माझ्याकडे एक्सेल शिकायला पाठवलंस. त्याला थोडंफार येत होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तरी मी शिकवलं. पिव्होट टेबल समजावताना पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं.

आणि तो घसा! दर शनिवारी मस्तानी खाणारी तू, अचानक "घसा बसलाय, टपरीवर चहाच घेऊ" म्हणायला लागलीस. तीन महिने कुणाचा घसा बसतो का?

एक मात्र सांगते. रात्री अकराला नोकरीच्या जाहिराती पाठवायचीस, त्याने माझी झोप उडायची. मी म्हटल्यावर तू लगेच थांबवलंस, म्हणून हेही सांगू शकते.

दुसरा महिना मी माझ्या पैशांनी भरला, तिसराही. परवा एका ठिकाणी मुलाखतीची दुसरी फेरी झाली, कळवतील म्हणाले. लॉकरच्या किल्लीचं डिपॉझिट तुझ्या नावावर आहे, ते घ्यायला एकदा ये. तेव्हा मस्तानी माझ्याकडून. घसा बरा करून ये.

तुझी,
खिडकीजवळची