रविवारचा डबा

ती. आई-बाबांना सा. न.

आई, चष्मा शोधावा लागू नये म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. बाबांच्या गोळ्यांचा डबा पाठवलाय. सात वार, रोजचे चार कप्पे. वरची इंग्रजी अक्षरं घोटाळ्याची होती, मंगळवार-गुरुवारला एकच आणि शनिवार-रविवारलाही एकच. म्हणून चिकटपट्टीवर मराठीत वार लिहिलेत. ‘शु’ आणि ‘श’ सारखे दिसतात, म्हणून ‘शनि’ पूर्ण लिहिलाय.

भरायच्या आधी सगळ्या स्ट्रिपा पसरून कंपनीच्या नावाखालचं बारीक नाव वाच. दिवाळीत बाबांना उठताना चक्कर यायची, आठवतं ना? परभणीच्या डॉक्टरांची बीपीची गोळी आणि संभाजीनगरहून लिहून दिलेली गोळी, वरची नावं वेगळी, पण खाली दोन्हींवर टेल्मिसार्टन ४०. बाबा रोज दोन्ही घेत होते. ते बारीक नाव कुणी वाचलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. अजून वाईट वाटतं. आता बारीक नाव जुळलं की डब्यात टाकायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा.

डबा वारानुसार भरू नकोस, गोळीनुसार भर. आधी फक्त टेल्मिसार्टन, सातही सकाळच्या कप्प्यांत एकेक. ती स्ट्रिप बाजूला ठेवायची, मगच दुसरी घ्यायची. मेटफॉर्मिन सकाळी आणि रात्री, म्हणजे चौदा. साखरेची ग्लिमेपिराइड सकाळी, कॅल्शियम दुपारी, कोलेस्टेरॉलची रात्री. शेवटी मोजायचं: सकाळी तीन, दुपारी एक, संध्याकाळचा कप्पा रिकामा, रात्री दोन. एखाद्या वाराला सहा भरल्या नाहीत तर कुठेतरी चुकलंय.

थायरॉइडची गोळी डब्यात घालू नकोस. ती तिच्या बाटलीतच राहू दे, उजेड आणि ओल तिला सोसत नाही. ती उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम तिच्यानंतर निदान चार तासांनी, नाहीतर ती अंगी लागत नाही. म्हणून तर ते दुपारी ठेवलंय.

बाबा, एकादशीचं तुम्हाला सांगते. ग्लिमेपिराइड घेऊन पोटात काही गेलं नाही तर साखर खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. आई त्या दिवशीचा कप्पा त्याप्रमाणे भरेल.

डबा पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात ठेवू नका, मधल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. उन्हाळ्यात एका आठवड्यापेक्षा जास्तीच्या गोळ्या स्ट्रिपेतून काढूच नका.

आणि मंगळवारी सकाळी सोमवार रात्रीचा कप्पा भरलेला दिसला, तर त्या गोळ्या सकाळच्या गोळ्यांबरोबर घेऊ नका. तशाच राहू द्या आणि मला फोन करा.

तुमची,
ताई