तीन मिलिलिटर रक्त कुणी ठेवलं नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

जत तालुक्यातल्या एका जोडप्याचं दुसरं बाळ गेल्या आठवड्यात गेलं. पाचव्या दिवशी. त्या दिवशी संध्याकाळी बाळाच्या वडिलांनी विचारलं, "पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा." त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहोत. जिल्ह्याला जनुकीय समुपदेशक, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांचा धोका तपासून समजावून सांगणारा माणूस, मिळेल असं आश्वासन एका बैठकीत दिलं गेलं होतं. तो माणूस अजून आलेला नाही, आणि तो नसल्याची किंमत कोण मोजतंय, हे आपल्याला कळायला हवं.

आधी घडलं ते सांगतो. मुलगी पूर्ण दिवसांची, वजन दोन किलो आठशे ग्रॅम. जन्मताच रडली, दोन दिवस अंगावर चांगलं प्यायली. तिसऱ्या दिवशी ओढायची थांबली, अंग सैल पडलं, श्वास भराभर चालू झाला, मग झटके आले. निदान झालं जंतुसंसर्गाचं. सलाईन आणि अँटिबायोटिक चालू केलं. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, तरी कागदावर जंतुसंसर्गच राहिला. दोन वर्षांपूर्वी याच घरात पहिला मुलगा चौथ्या दिवशी असाच गेला होता. तेव्हाही कारण तेच लिहिलं गेलं.

नवऱ्याने मामाची मुलगी केलेली आहे. म्हणजे तिच्या वडिलांचे आई-वडील हेच त्याच्या आईचे आई-वडील. ही एक गोष्ट विचारली असती तर तिसऱ्या दिवशी वाट वेगळी निघाली असती. जन्मतः ठणठणीत असलेलं बाळ दूध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ढासळतं, कल्चर कोरं येतं, आधीचं भावंड तसंच गेलेलं असतं आणि आई-बाप नात्यातले असतात, तेव्हा चयापचयाच्या आनुवंशिक आजाराची शंका घ्यायची असते. पोटात असेपर्यंत घातक द्रव्यं वार काढून टाकते. नाळ कापल्यावर दुधातली प्रथिनं बाळाला स्वतः पचवावी लागतात. त्यासाठी लागणारं एखादं एन्झाइम जन्मापासून नसेल तर विष साचत जातं. दोन दिवस बरं जातं ते त्यामुळेच. मुलगा गेला आणि मुलगीही गेली, ही आणखी एक खूण. आई-वडील दोघांकडून एकच दोष आला असावा, याकडे ती बोट दाखवते.

अशा वेळी करायचं ते फार मोठं नाही. रक्तातलं अमोनिया आणि आम्लता तपासायची. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा, कारण उशीर झाला की आकडा खोटाच वाढतो. नवजात बाळात तो लिटरमागे दोनशे मायक्रोमोलच्या वर गेला, तर जंतुसंसर्गापाशी थांबून चालत नाही. निदान होईपर्यंत दूध तात्पुरतं थांबवून शिरेतून ग्लुकोज द्यायचं. हे वेळेत झालं तर काही बाळं वाचतात. सगळी वाचतात असं आम्ही म्हणणार नाही.

आणि बाळ वाचणार नाही असं दिसत असलं तरी एक काम उरतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचं, शक्यतो बाहेरचं रक्त चढवण्याआधी. नळी फ्रीजच्या साध्या कप्प्यात ठेवायची, गोठवायची नाही. फिल्टर पेपरवर रक्ताचे चार ठिपके घेऊन तीन-चार तास सावलीत वाळवायचे. थोडी लघवी मात्र गोठवून ठेवायची. त्या नळीतून डीएनए काढून ठेवला की तो वर्षानुवर्षं टिकतो. बाळ गेल्यावरही आजाराला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की पुढच्या गरोदरपणात काय शोधायचं ते कळतं.

या घरातली दोन्ही बाळं गेली, साहेब, आणि एकाचंही तीन मिलिलिटर रक्त ठेवलेलं नाही. का? ते ठेवायचं असतं हे त्या पाळीवर कुणाला सांगितलेलंच नव्हतं.

आता समुपदेशक असता तर त्याने काय केलं असतं, ते सांगतो. "समुपदेशन म्हणजे चार धीराचे शब्द" अशी समजूत मंत्रालयापर्यंत असल्याचं आम्हाला वाटू लागलं आहे. तो समोर कोरा कागद घेतो आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्याच्या चिन्हावर तिरकी रेघ, आणि नात्यातल्या नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. गर्भपात, लहानपणी गेलेली मुलं, फिट येणारी, न ऐकू येणारी, मतिमंद मुलं, सगळी त्यात येतात. याला तास-दीड तास लागतो. प्रश्नही नीट विचारावा लागतो. "लग्न नात्यात झालंय का?" म्हटलं की आपल्याकडे बऱ्याचदा "नाही" येतं, कारण मामाची मुलगी करणं ही रीत आहे, त्यात वेगळं काय, असं घरच्यांना वाटतं. "लग्नाआधी नवरा तुमचा कोण लागायचा?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. मग आजी-आजोबाही नात्यातलेच होते का, हे विचारायचं, कारण दुहेरी रेघ पिढ्यान्‌पिढ्या येत गेली की धोका पुस्तकातल्या आकड्याहून वर जातो.

त्यानंतर तो हिशोब मांडतो. प्रत्येक माणसात काही दोषी जनुकं निवांत पडून असतात. जोडीतलं दुसरं जनुक चांगलं असल्याने त्रास होत नाही. अशा माणसाला आपण वाहक म्हणतो. "आमच्या घरात कुणालाच असं नाही" याचा अर्थ एवढाच, की वाहक दिसत नाही. समजा एखादा आजार असा आहे की त्याचा वाहक दोनशे माणसांत एक सापडतो, आणि बायको त्याची वाहक आहे. तिने बाहेरचा नवरा केला तर तोही वाहक असण्याची शक्यता दोनशेत एक, आणि बाळाला आजार होण्याची आठशेत एक. तिने आतेभाऊ केला तर तेच जनुक त्याच आजी-आजोबांकडून त्याच्याकडेही आलेलं असण्याची शक्यता आठात एक, आणि बाळाला आजार होण्याची बत्तीसात एक. आजार जितका दुर्मीळ तितका हा फरक मोठा. मामा-भाचीच्या लग्नात आठाच्या जागी चार येतात, म्हणजे धोका दुप्पट.

पण हाच हिशोब दुसऱ्या बाजूनेही सांगावा लागतो, आणि तो सांगितला जात नाही. कुठल्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः गंभीर व्यंग किंवा आजार असतो. सख्ख्या आते-मामे भावंडांत, आधीचा काही इतिहास नसेल तर, हा आकडा साधारण चार ते सहावर जातो. म्हणजे चौऱ्याण्णव ते शहाण्णव बाळं नीट असतात. असं असताना या आईला वॉर्डात "नात्यात लग्न केलंत, मग असंच होणार" असं ऐकवलं गेलं. ते चुकीचं आहे आणि क्रूर आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही रूढी असेल तिथे असं लग्न मानतो. लग्न मोडणं हे समुपदेशकाचं कामच नाही.

मात्र या जोडप्याला आता चार-सहाचा आकडा लागू नाही. दोघं एकाच आजाराचे वाहक असतील, आणि दोन बाळं पाहता तसंच दिसतं, तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. दर वेळी नव्याने चारात एक. "दोन गेली, आता पुढची दोन सुटली" असा हिशोब सासूबाईंनी मांडला होता, आणि तो त्या वॉर्डात कुणी दुरुस्त केला नाही.

कुणी दुरुस्त केला नाही, आणि भलत्या तपासण्या मात्र झाल्या. दोघांचा रक्तगट एकच निघाला म्हणून घरात वर्षभर भीती होती. रक्तगटाचा इथे काहीही संबंध नाही. गुणसूत्रांची तपासणी करायला लावली, ती नॉर्मल आली. येणारच होती, कारण ती गुणसूत्रांची संख्या आणि मोठी तोडमोड पाहते, एका जनुकातली चूक तिला दिसत नाही. डबल मार्कर ही गरोदर बाईची रक्ततपासणी, आणि ती मुख्यतः डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांसाठी असते. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी अवयवांची घडण दाखवते, एन्झाइम दाखवत नाही. प्रत्येक कागदावर "नॉर्मल", आणि प्रत्येक "नॉर्मल"चे पैसे त्या शेतमजुराने भरले.

आता वाट उरली आहे ती लांबची. आई-वडील दोघांच्या रक्तावर एक्सोम तपासणी, म्हणजे जवळजवळ सगळ्या जनुकांचे कामाचे भाग एकदम वाचणारी तपासणी, करून दोघांत एकच दोषी जनुक सापडतं का ते पाहायचं. त्याला काही आठवडे लागतात आणि कधी उत्तर अर्धवट येतं, "बदल आहे, पण त्याने आजार होतो की नाही सांगता येत नाही" असं. बाळाचा नमुना असता तर कुठला बदल खरा, हे ठरवणं कितीतरी सोपं गेलं असतं. हे सगळं दिवस जाण्याआधी व्हायला हवं. कारण नेमका दोष माहीत असला तरच ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. नाहीतर गर्भजलात शोधायचं काय? आणि या तपासण्यांसाठी त्यांनी जायचं पुण्याला, सांगलीहून सव्वादोनशे किलोमीटर, दोघांचा रोज बुडवून, रिपोर्ट घ्यायला परत एकदा, समजून घ्यायला आणखी एकदा.

साहेब, "जनुकीय समुपदेशन केंद्र" हे शब्द १९९४ च्या गर्भलिंगनिदानाच्या कायद्यातच आहेत. त्याच कायद्याने आनुवंशिक आजारांसाठी गर्भतपासणीला परवानगी दिली आहे. तीस वर्षं उलटून गेली. त्या कायद्यातली बंदी गावोगावी भिंतींवर रंगवली, ते योग्यच केलं. परवानगीचा भाग कुणी वाचला? २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात मदतीची तरतूद आहे, पण मदत मागायला आधी आजाराला नाव लागतं. इथे नावच मिळत नाही. मृत्यूच्या नोंदीत जंतुसंसर्ग लिहिला जातो, त्या नोंदींवरून अहवाल बनतो, अहवालात आनुवंशिक आजार दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून पद मंजूर होत नाही. आपलं सगळं खातं असंच चालतं. इमारत मंजूर होते, यंत्र येतं, फीत कापली जाते, आणि यंत्रासमोर बसणारा माणूस कायम "प्रस्तावित" असतो. मेलेल्या बाळाचं कारण चुकीचं लिहिलं म्हणून आजवर कुणाला जाब विचारला गेला, हे आम्हाला एकदा सांगा.

आमच्या मागण्यांना इमारत लागत नाही. बारा आठवड्यांच्या आतल्या गरोदर नोंदणीत आशाताईंनी तो एक प्रश्न विचारावा, "लग्नाआधी नवरा कोण लागायचा?", आणि उत्तर कार्डावर लिहावं. नवजात बाळांच्या प्रत्येक अतिदक्षता कक्षात जांभळ्या टोपणाची नळी आणि फिल्टर पेपर ठेवून, कधी आणि कसा नमुना घ्यायचा याचा एक पानी आदेश भिंतीवर लावावा. आई-वडिलांची संमती घेऊन ते नमुने पुढे पाठवायची सोय करावी. आणि कबूल केलेला समुपदेशक जिल्ह्याला द्यावा. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस आला तरी चालेल.

त्या बाईचं वय तेवीस आहे. सहा-आठ महिन्यांत त्यांच्याकडे पुन्हा दिवस जाण्याची गोष्ट निघेल. त्याआधी दोघांचं रक्त तपासायला गेलं पाहिजे. ते कुणी पाठवायचं आणि खर्च कुणी करायचा, एवढं आपण लेखी कळवा.

आपले,
नवजात बाळांवर उपचार करणारे आम्ही काही जण
सांगली