वरच्या टोकाचा खड्डा

पुणे, १४ जून

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

परवा तुझ्या शेतातून निघताना अंधार पडला, नीट बोलणं झालंच नाही. पुण्यात पोचलो तरी मातीचे थर बघायला खणलेले ते दोन खड्डे डोळ्यांसमोरून हलेनात. आबा म्हणाले ना, "खत दरवर्षी वाढवतोय, कांदा मात्र बारीकच होतोय." त्याचं उत्तर त्या खड्ड्यांत आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

खालच्या बांधाजवळच्या खड्ड्यात काळा, भुसभुशीत थर हातभर खोल होता. त्याच शेताच्या वरच्या टोकाला तोच थर भरला जेमतेम १२ सेंटीमीटर. त्याखाली तपकिरी, चिकट माती आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, आणि मुरमाखाली कातळ. पुस्तकात या थरांना अ, ब, क म्हणतात. 'अ' म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यानं काळा झालेला, मुळं आणि गांडुळं नांदणारा थर. 'ब'मध्ये वरून झिरपलेली चिकणमाती आणि चुना साठतो. 'क' म्हणजे आपला मुरूम, अजून माती न झालेला खडक. शेत एकच, खडक एकच, पाऊस एकच, तरी दोन टोकांत एवढा फरक! वरचा काळा थर उतारानं खाली आलाय, आणि बांधाला अडला नाही तो ओढ्यात गेलाय.

आता नांगराचा विचार कर. तो दोन्हीकडे २० सेंटीमीटर खोल जातो. खाली तो काळ्या थरातच राहतो. वर मात्र १२ सेंटीमीटर काळी माती संपली की उरलेले ८ सेंटीमीटर चुनखडीच्या थरातून उपसून वर आणतो. म्हणून ते टोक फिकट दिसतं आणि ढेकळांत पांढरे खडे चमकतात. तुझ्या मातीच्या अहवालात तिथला सामू ८.४ आणि सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के आलाय, तोही याच मिसळीमुळे.

अशा चुन्याच्या मातीत डीएपीतला स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि बराचसा मुळांच्या हाती लागत नाही. लोह आणि जस्तही मिळेनासं होतं. युरिया वरच्या वर फेकून तसाच ठेवला, तर त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. थोडक्यात, आबा जिथे जास्त खत टाकतात तिथेच ते सगळ्यात कमी लागू पडतं. युरिया कर्ब जाळतो असं गावात म्हणतात. मी तेवढं ठाम म्हणणार नाही. पण गोण्या आल्या आणि शेणखताच्या गाड्या बंद झाल्या, हे मात्र तुझ्या घरात मी स्वतः पाहिलंय. कर्ब कमी झाला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. आठवतं, मी शेतातलं आणि बांधावरच्या गवताखालचं असं एकेक सुकं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडलं होतं? बांधावरचं तसंच राहिलं, शेतातलं दोन मिनिटांत विरघळून पाणी गढूळ झालं. वळवाच्या सरीत शेतातही तेच होतं. कण सुटतात, वर पापुद्रा बसतो, पाणी मुरायच्या ऐवजी पळतं आणि सोबत सगळ्यात बारीक, सगळ्यात कसदार माती नेतं.

एक हिशेब मी गाडीतच मांडला. एका एकरावरून एक सेंटीमीटर माती गेली तर ती साधारण ५० टन भरते. अर्धा टक्का कर्ब धरला तर तिच्यात सुमारे २५ किलो नत्र असतो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीतल्या नत्रापेक्षा जास्त. नत्र गोणीतून परत मिळेल रे, पण ओल आणि अन्न धरून ठेवणारी ती माती मिळत नाही. मुरमापासून तेवढी बनायला शेकडो वर्षं लागतात.

म्हणून पाऊस लागायच्या आत एवढं कर. वरच्या बांधाला जी घळ पडलीये ती दगडानं बांध, पाण्याला नीट सांडवा दे आणि बांधावर गवत लाव. पेरणी उताराला आडवी. वरच्या पट्ट्यात यंदा कांदा नको, ताग पेर आणि फुलोऱ्यात आला की गाड. तळ्यातला गाळ तिथे टाकायचा असेल तर आधी त्याचे क्षार तपासून घे. युरिया पुढे द्यायचाच झाला तर थोडा थोडा, मातीआड करून, लगेच पाणी देऊन. आणि अहवाल वरच्या-खालच्या टोकांचे वेगळेच ठेव. दोन्हीकडची माती एका पिशवीत मिसळली तर मधलाच आकडा येईल आणि वरच्या टोकाचं दुखणं दिसणारच नाही.

वरचा खड्डा बुजवू नकोस. पहिला मोठा पाऊस झाला की मी येतो. त्याच्या कडेला मोजपट्टी रोवून ठेवू, म्हणजे माती किती गेली ते आबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आबांना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय