मृत्यूचे कारण सर्वांत खालच्या ओळीत

महोदय,

मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिणे थांबायला हवे. हृदय तर प्रत्येकाचेच थांबते, त्यामुळे कारण कळतच नाही.

समजा, मधुमेहामुळे पायाला गँगरीन झाले आणि त्यातून सेप्सिस होऊन रुग्ण दगावला. मग पहिल्या भागात वर सेप्सिस, खाली गँगरीन आणि सर्वांत खाली मधुमेह लिहावा. आकडेवारीत मूळ कारण म्हणून मधुमेहच धरला जातो.

जिथे डॉक्टरच पोहोचले नाहीत, तिथे शेवटच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्याला लक्षणे, त्यांचा क्रम आणि कालावधी विचारून कारण ठरवता येते. बुडणे, अपघात यांत ही पद्धत बरीच भरवशाची आहे. वृद्धांच्या तापात मात्र ती फसू शकते. म्हणून तिचे निष्कर्ष एकूण लोकसंख्येतील मृत्यूंच्या कारणांच्या अंदाजापुरतेच वापरावेत.

– एक वाचक